फाउंडेशनला अर्जासोबत ईमेल पाठवायचा आहे, नेमकं काय लिहू?

पाटीपेन्सिल | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत आमची छोटी नोंदणीकृत संस्था अभ्यासिका चालवते. मी तिची सचिव, दिवसा शाळेत शिकवते. मुंबईच्या एका फाउंडेशनकडे अनुदानासाठी अर्ज करायचाय. प्रस्ताव तयार आहे, अंदाजपत्रक तयार आहे, कागदपत्रं जमवून झालीत. मुदत येत्या सोमवारपर्यंत आहे आणि सगळं ईमेलनंच पाठवायचं आहे. मराठी चालेल असं त्यांच्या सूचनेत लिहिलंय.

गाडी अडली ती ईमेलपाशी. प्रस्ताव १४ पानांचा आहे. ईमेलात पुन्हा तेच कशाला सांगायचं, असं आमच्या कार्यकारिणीतल्या काहींचं म्हणणं. मला वाटतं, ईमेल नीटच लिहायला हवा. मी केलेला मसुदा देते, बिनधास्त चुका काढा.

"विषय: मदतीबाबत. माननीय महोदय, सविनय नमस्कार. आमची संस्था गेल्या अनेक वर्षांपासून समाजातील वंचित घटकांच्या सर्वांगीण विकासासाठी अविरत कार्यरत आहे. शिक्षण हाच प्रगतीचा मार्ग असून वस्तीतील होतकरू विद्यार्थ्यांना आपल्यासारख्या दानशूर संस्थेच्या पाठबळाची नितांत गरज आहे. प्रकल्पासाठी सुमारे ७ लाख रुपये खर्च अपेक्षित आहे. तरी योग्य ते सहकार्य करावे ही नम्र विनंती. सोबत आवश्यक कागदपत्रे जोडली आहेत."

---

सावजी | सोमवार, रात्री ९:५८

ताई, मसुदा वाचला. अभ्यासिकेत मुलं किती बसतात तेच कळलं नाही बघा.

---

राजेभाऊ_काटोल | सोमवार, रात्री १०:१५

ताई, आमच्या गावच्या वाचनालयाला पुस्तकं मिळाली ती कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनेतून. १९७२ पासूनची संस्था आहे, केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची. तुम्ही पण तिकडेच लिहा नं. मात्र तिथं असा ईमेल चालत नाही, ठरलेला नमुना भरून ग्रंथालय खात्यामार्फत जावं लागते. मी स्वतः दोन वेळा नागपूरला येऊन फॉर्म दिला होता. शासनमान्य वर्ग कोणता आहे तुमचा, ड का क?

---

पाटीपेन्सिल | सोमवार, रात्री १०:२२

राजेभाऊ, आमचं शासनमान्य ग्रंथालय नाही हो, नुसती अभ्यासिका आहे. मुलं आपापली पुस्तकं घेऊन येतात, थोडी आम्ही ठेवतो. ही मदत खाजगी फाउंडेशनची आहे. पण तुमचं लक्षात ठेवते, पुढं कधी मान्यता घेतली तर विचारीन.

---

मोरपीस | सोमवार, रात्री ११:०५

पाटीपेन्सिल, मी ९ वर्षं एका फाउंडेशनच्या कचेरीत आलेले अर्ज वाचण्याचंच काम केलं. हल्ली नागपुरातच असते. तुमचा ईमेल तिकडे पोचल्यावर त्याचं काय होतं ते सांगते, म्हणजे काय लिहायचं ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

मुदतीच्या आठवड्यात दिवसाला पन्नास-साठ अर्ज येतात. पहिल्या फेरीत जोडलेली फाइल कुणीच उघडत नाही. एक जण ईमेल वाचून एका तक्त्यात ओळ भरतो: संस्था, जिल्हा, काम, मागितलेली रक्कम, किती महिन्यांसाठी, कागदपत्रं पूर्ण की अपूर्ण. मी तेच करायचे. तुमच्या मसुद्यावरून माझ्या तक्त्यातला एकच रकाना भरला असता, संस्थेचा. "सुमारे ७ लाख खर्च अपेक्षित" यावरून तुम्ही आमच्याकडे किती मागताय हे समजत नाही. एकूण खर्च वेगळा आणि मागणी वेगळी.

पुढं तोच ईमेल जसाच्या तसा दोन ठिकाणी जातो. एक शिक्षणाचं काम बघणाऱ्याकडे, दुसरा हिशेब बघणाऱ्याकडे. दुसरा माणूस तुमचा १४ पानी प्रस्ताव कधीच वाचणार नाही, त्याच्यासमोर फक्त ईमेल आणि अंदाजपत्रक असतं. म्हणून ईमेल प्रस्तावाशिवाय एकटा वाचला तरी पुरा वाटला पाहिजे.

गरजेबद्दल एक विचारते. उद्या संध्याकाळी एखादं मूल तुमच्या दारातून परत गेलं, तर ते कशामुळे गेलं? त्याचं उत्तर इथं लिहा, प्रस्तावाच्या भाषेत नको.

---

पाटीपेन्सिल | मंगळवार, सकाळी ६:३०

मोरपीसताई, रात्रभर डोक्यात हेच होतं. सकाळी हजेरीवही घेऊन बसले.

परत जाण्याची कारणं दोन. एक म्हणजे जागा. खाली २४ जागा आहेत, सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन पाळ्या, म्हणजे ४८ जण. वहीच्या मागच्या पानांवर नाव लिहून ठेवलेले ६१ जण आहेत. वरचा मजला विहार समितीनं वापरायला दिलाय, पण तिथं खुर्ची-टेबल नाही आणि वायरिंगही नाही.

दुसरं कारण मी प्रस्तावात लिहिलंच नव्हतं. मागच्या मे महिन्यात दुपारी बारा ते चार या वेळेतल्या सह्या मोजल्या. महिन्याची सरासरी ७ निघाली. तीच वेळ जानेवारीत २० च्या वर आहे. नागपूरचा मे तुम्हाला ठाऊकच आहे, पारा ४५ च्या पलीकडे जातो. पत्र्याखाली एक जुना कूलर, आणि लाइट गेली की तोही बंद. एका पानावर एका मुलीनं बारा वाजता सही केली आणि समोर जाण्याची वेळ १२:२५ लिहिली. सलग चार दिवस तसंच. पाचव्या दिवशी तिचं नाव नाही. ती तलाठी भरतीची तयारी करत होती.

---

मोरपीस | मंगळवार, सकाळी ७:१०

हीच तुमची गरज. २४ जागा, ६१ थांबलेले, मे महिन्यात दुपारी ७. "होतकरू", "वंचित", "नितांत" हे सगळं काढून टाका आणि हे तीन आकडे ठेवा. हजेरीवहीचं मे महिन्याचं एक पान स्कॅन करून जोडा, मुलांची नावं झाकून. त्या मुलीची गोष्ट ईमेलात नको, प्रस्तावात घाला, नाव न देता.

---

भरउन्हाळा | मंगळवार, सकाळी १०:४५

एक सावधगिरीची सूचना. अंदाजपत्रकात पगार किंवा मानधन असेल तर रक्कम ५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, कायदाच आहे तसा. आमच्या ओळखीच्या एका संस्थेनं या भीतीनं शिक्षिकेचं मानधनच काढून टाकलं होतं. आणि ८०जी नसेल तर कुणी पैसे देऊच शकत नाही.

---

पाटीपेन्सिल | मंगळवार, दुपारी १:२०

अरे देवा. आमच्याकडे अर्धवेळ ग्रंथपालाचं मानधन १२ महिन्यांचं १,४४,००० आहे. एकूण ६,८०,००० मध्ये ते ५ टक्क्यांच्या कितीतरी वर जातं. काढू का?

---

हिशेबनीस | मंगळवार, दुपारी ३:०५

काढू नका. भरउन्हाळा, ५ टक्क्यांचा नियम खरा आहे, पण तो कंपनीसाठी आहे. सीएसआर खातं चालवायला कंपनी स्वतःच्या कचेरीवर जो खर्च करते, त्याला ही मर्यादा. २०२१ च्या नियमदुरुस्तीत प्रत्यक्ष काम राबवायचा खर्च त्यातून वगळलेला आहे. मुलांसाठी दार उघडणारा, पुस्तकं देणारा माणूस म्हणजे कामच झालं. फक्त त्या ओळीला "आस्थापना" किंवा "पगार" असं मोघम नाव देऊ नका. "ग्रंथपाल, अर्धवेळ, १२ महिने, दरमहा १२,०००" असं लिहा. काही फाउंडेशनांची स्वतःची मर्यादा असते, ती त्यांच्या सूचनापत्रकात बघा.

८०जी बद्दलही अर्धंच खरं आहे. पैसा कंपनीच्या सीएसआरचा असेल तर संस्थेला १२ए आणि ८०जी दोन्ही लागतात, तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि सीएसआर-१ भरून मिळालेला नोंदणी क्रमांकही लागतो. फाउंडेशन एखाद्या कुटुंबाच्या पैशातून चालणारा न्यास असेल तर सीएसआर-१ चा संबंध येत नाही. पाटीपेन्सिल, तुमचं फाउंडेशन यातलं कोणतं ते आधी बघून घ्या.

दुसरं, तुम्ही वर ६,८०,००० लिहिलं आणि मसुद्यात ७ लाख आहे. अंदाजपत्रक, ठराव आणि ईमेल या तिन्ही ठिकाणचे आकडे इथं टाका बघू.

---

पाटीपेन्सिल | मंगळवार, रात्री ८:५०

फाउंडेशन कंपनीचं आहे. १२ए, ८०जी, सीएसआर-१ तिन्ही आहेत, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांकही आहे.

आकडे टाकते. अंदाजपत्रकात एकूण ६,८०,०००. त्यात वरच्या मजल्याची रंगरंगोटी व वायरिंग ९६,००० आणि वर्षाचं वीजबिल ६०,०००, हे आम्ही लोकवर्गणीतून करणार. उरलेले ५,२४,००० फाउंडेशनकडे मागायचे. पण कार्यकारिणीचा ठराव तीन महिन्यांपूर्वीचा आहे, त्यात ५,५०,००० लिहिलंय. तेव्हा कोटेशन आली नव्हती, अंदाजे धरलं होतं.

---

हिशेबनीस | मंगळवार, रात्री ९:३०

म्हणजे एकाच अर्जात तीन रकमा: ७ लाख, ५ लाख ५० हजार, ५ लाख २४ हजार. हिशेब बघणारा माणूस सगळ्यात आधी हेच ताडून बघतो. रक्कम कमी-जास्त असली तर चालतं, पण एकाच संस्थेचे तीन आकडे दिसले की त्याला वाटतं यांचं यांनाच माहीत नाही. मग तो खुलासा मागतो, आणि खुलासा येईपर्यंत मुदत निघून जाते.

बैठक बोलावून ५,२४,००० चा नवा ठराव करा. सूचना काढायची मुदत तुमच्या घटनेत किती दिवसांची आहे ते बघा. आणि "सुमारे" हा शब्द ईमेलातून काढाच. कोटेशनं जीएसटी धरून आहेत ना? नसतील तर आत्ताच धरा. मंजुरीनंतर वाढीव रक्कम मागता येत नाही.

---

पाटीपेन्सिल | मंगळवार, रात्री ९:४२

जीएसटी धरूनच आहेत, आत्ता परत पाहिली. सूचना तीन दिवसांची लागते. आजच काढते, शनिवारी बैठक.

---

निळं_आकाश | बुधवार, सकाळी ११:१५

ताई, कागदपत्रं किती एमबीची आहेत? विचारायचं कारण सांगतो. मी एका दुसऱ्या संस्थेत स्वयंसेवक होतो. आम्ही असाच अर्ज जीमेलवरून पाठवला. फाइली २५ एमबीच्या वर गेल्या तेव्हा जीमेलनं त्या आपोआप ड्राइव्हवर टाकून लिंक केली. आम्हाला वाटलं गेलं सगळं. लिंकची परवानगी फक्त आमच्यापुरती होती. समोरच्यानं उघडायला गेल्यावर त्याला `Request access` दिसलं, त्यानं बटण दाबलं, आणि ती विनंती आमच्या ज्या खात्यावर आली ते कुणी आठवडाभर उघडलंच नाही. उघडलं तेव्हा छाननी झाली होती.

---

पाटीपेन्सिल | बुधवार, दुपारी २:००

९ फाइली आहेत, एकूण ३१ एमबी. बहुतेक मोबाइलनं काढलेले फोटो आहेत.

---

निळं_आकाश | बुधवार, दुपारी २:४०

मग नक्कीच लिंक होईल. आणखी एक, २५ एमबी म्हणजे २५ एमबीच्या फाइली मावतात असं नाही. ईमेलमधून जाताना फाइलीचं वजन साधारण एक तृतीयांशानं वाढतं, म्हणून १८ च्या पुढं गेलात की अडचण सुरू. समोरच्या कंपनीच्या ईमेलला त्याहून कमी मर्यादा असू शकते, कित्येक ठिकाणी १० एमबी असते. तुम्ही ७ एमबीच्या आत आणा.

फोटोऐवजी स्कॅनरवर करड्या रंगात, २०० डीपीआयवर स्कॅन करा. एक पान दीड-दोनशे केबीत बसतं आणि शिक्का नीट वाचता येतो. सदरला किंवा बर्डीवर कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे होतं. प्रस्ताव वर्डमधून थेट पीडीएफ करा, छापून परत स्कॅन करू नका. आणि तो जुन्या फॉन्टात टाइप केला असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा. वर्ड फाइल तशीच पाठवली तर त्यांच्या संगणकावर नुसती चिन्हं दिसतील.

फाइलींची नावं अशी ठेवा, म्हणजे त्यांच्याकडे उतरवून घेतल्यावरही क्रम राहील:

```
01_Prastav.pdf
02_Andajpatrak.pdf
03_Tharav.pdf
04_Nondani_12A_80G_CSR1.pdf
05_Lekhaparikshan_3varsh.pdf
06_Hajeri_Namuna.pdf
```

पाठवायच्या आधी स्वतःच्या दुसऱ्या खात्यावर पाठवून मोबाइलवर उघडून बघा.

---

मोरपीस | बुधवार, दुपारी ४:१०

निळं_आकाश, उत्तम. यात भर एवढीच की ईमेलाच्या खाली हीच यादी याच क्रमानं लिहावी, प्रत्येकीत काय आहे ते चार शब्दांत. "सोबत आवश्यक कागदपत्रे जोडली आहेत" यावरून काय आलं आणि काय राहिलं ते कळत नाही. यादीत सहा आणि प्रत्यक्षात पाच आल्या, तर आमच्याकडचा माणूस फोन करून सहावी मागवून घेतो. यादीच नसेल तर तो "अपूर्ण" लिहून पुढच्या अर्जाकडे जातो.

---

हिशेबनीस | बुधवार, रात्री ९:००

नोंदणीच्या फाइलीत परिशिष्ट-१ चा उतारा घातलाय का? त्यावर विश्वस्तांची जी नावं आहेत, तीच ठरावावर सही करणाऱ्यांची आहेत का बघा.

---

पाटीपेन्सिल | बुधवार, रात्री ९:३५

हिशेबनीस दादा, तुम्ही बरोबर तिथंच बोट ठेवलंत. आधीचे अध्यक्ष वारले. नवीन अध्यक्ष निवडून दीड वर्ष झालं. चेंज रिपोर्ट आम्हीच उशिरा दाखल केला, चार महिन्यांपूर्वी, तो अजून निर्णयाला यायचाय. उताऱ्यावर जुनंच नाव आहे. याचं काय करू?

---

हिशेबनीस | बुधवार, रात्री १०:१०

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत कळवायचा असतो. उशीर झाला तरी दाखल केलात हे महत्त्वाचं. दाखल केल्याची पोच, आणि ज्या सभेत निवड झाली तिचं इतिवृत्त, हे दोन कागद उताऱ्याच्या मागेच लावा.

---

धंतोली | गुरुवार, सकाळी ९:२०

कागद लावा, पण ईमेलात त्याचा उल्लेख करू नका, असं माझं स्पष्ट मत. काहून आपणच आपली उणीव पहिल्याच पानावर सांगायची? पन्नास अर्जांतून वगळायला कारण शोधणाऱ्याला आयतं कारण मिळते. आम्ही दोन वेळा अनुदान घेतलं, दोन्ही वेळी आमचा बदल अर्ज प्रलंबितच होता. कुणी विचारलं नाही.

---

मोरपीस | गुरुवार, सकाळी १०:००

धंतोली, तुमचा अनुभव मी नाकारत नाही. पण मी दुसऱ्या बाजूला बसले आहे. ईमेलखाली सही एकाची, उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं, आणि ते मला तिसऱ्या आठवड्यात स्वतःहून सापडलं, की मी बाकीचे कागदही संशयानं बघायला लागायचे. तेच एका ओळीत आधी सांगितलेलं असलं तर मी पोच क्रमांक तक्त्यात लिहून पुढं जायचे. करार करताना फाउंडेशनचा वकील हे काढणारच असतो.

---

धंतोली | गुरुवार, सकाळी १०:२५

करारापर्यंत पोचल्यावर सांगता येते की. पहिल्या छाननीत नको, या मतावर मी कायम आहे. ताईंनी त्यांना पटेल ते करावं.

---

राजेभाऊ_काटोल | गुरुवार, दुपारी १२:३०

आमच्या वाचनालयाचाही चेंज रिपोर्ट राहून गेलाय बाप्पा, हे वाचून आठवलं. सोमवारी नागपूरला येतोच आहे, हिशेबनीस भाऊ, तुमचा पत्ता खाजगी निरोपात कळवाल का?

---

भरउन्हाळा | गुरुवार, दुपारी १:१५

५ टक्क्यांबद्दल माझी समजूत चुकीची होती, मान्य. त्या ओळखीच्या संस्थेलाही कळवलं. त्यांनी शिक्षिकेचं मानधन या वर्षीच्या अर्जात परत घातलं.

---

पाटीपेन्सिल | रविवार, रात्री ८:१५

बैठक झाली, नवा ठराव झाला. शनिवारी दुपारी सगळं स्कॅन करून आणलं, सहा फाइली मिळून ५.४ एमबी. ईमेलाचा नवा मसुदा देते. उद्या सकाळी पाठवणार.

विषय: अनुदान अर्ज, अभ्यासिका विस्तार, उत्तर नागपूर, रु. ५,२४,०००, १२ महिने

आदरणीय महोदय/महोदया,

उत्तर नागपूर येथील आमच्या अभ्यासिकेत ४० जागा वाढवण्यासाठी आणि ती उन्हाळ्यात दुपारी चालू ठेवण्यासाठी आम्ही आपल्या फाउंडेशनकडे १२ महिन्यांकरिता रु. ५,२४,००० (पाच लाख चोवीस हजार) अनुदान मागत आहोत.

सध्या २४ जागांवर दोन पाळ्यांत ४८ विद्यार्थी बसतात. ६१ जण प्रतीक्षायादीत आहेत. मागील मे महिन्यात दुपारी १२ ते ४ या वेळेत सरासरी ७ विद्यार्थी थांबले, कारण खोलीत एकच कूलर असून वीज गेल्यावर तोही बंद पडतो. वरचा मजला विहार समितीने वापरण्यास दिला आहे, परंतु तेथे बैठक व्यवस्था नाही.

मागितलेल्या रकमेतून ४० जागांची टेबल-खुर्ची (१,८०,०००), अर्धवेळ ग्रंथपाल १२ महिने (१,४४,०००), दोन इन्व्हर्टर संच व चार कूलर (१,४०,०००) आणि स्पर्धापरीक्षांची पुस्तके (६०,०००) हा खर्च होईल. एकूण खर्च रु. ६,८०,००० असून उरलेले रु. १,५६,००० म्हणजे रंगकाम, वायरिंग व वीजबिल संस्था लोकवर्गणीतून करणार आहे. त्यापैकी रु. ९६,००० जमा झाले आहेत.

संस्थेच्या अध्यक्षपदातील बदलाचा अहवाल धर्मादाय कार्यालयात दाखल असून निर्णय प्रलंबित आहे. पोच व सभेचे इतिवृत्त फाइल ४ मध्ये आहे.

सोबत: १. प्रस्ताव, १४ पाने. २. अंदाजपत्रक व कोटेशन. ३. कार्यकारिणीचा ठराव. ४. नोंदणी, परिशिष्ट-१, १२ए, ८०जी, सीएसआर-१. ५. तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. ६. हजेरीवहीचे मे महिन्याचे पान.

आपली, सचिव (नाव, मोबाइल, फोन घेण्याची वेळ दुपारी ३ नंतर)

---

सावजी | रविवार, रात्री ८:३०

आता समजलं ताई. ४० खुर्च्या, चार कूलर. मंजूर झालं की तर्री पोहे माझ्याकडून, सगळ्या मुलांना.

---

हिशेबनीस | रविवार, रात्री ८:५५

बेरीज करून पाहिली: १,८०,००० अधिक १,४४,००० अधिक १,४०,००० अधिक ६०,०००, बरोबर ५,२४,०००. अंदाजपत्रकात इन्व्हर्टर आणि कूलर वेगळ्या ओळींत असतील तर ईमेलातही वेगळे लिहा. ८४,००० आणि ५६,००० असतील बहुतेक.

---

पाटीपेन्सिल | रविवार, रात्री ९:०५

हो, तेवढेच आहेत. वेगळे करते.

---

धंतोली | रविवार, रात्री ९:२०

चेंज रिपोर्टची ओळ ठेवलीत तर! ठीक आहे. निदान ती शेवटाकडे आहे आणि लहान आहे. बाकी ईमेल फार चांगला झाला.

---

मोरपीस | रविवार, रात्री ९:४५

मी असते तर पहिल्या परिच्छेदावरूनच ओळ भरून टाकली असती. एकच शंका. "वरचा मजला वापरण्यास दिला आहे" म्हणजे लेखी दिलाय का? किती वर्षांसाठी? टेबल-खुर्च्या आणि वायरिंग दुसऱ्याच्या जागेत जाणार आहेत, हे विचारलं जाईल.

---

पाटीपेन्सिल | रविवार, रात्री १०:००

लेखी आहे, पण मुदत लिहिलेली नाही. आता एवढ्या रात्री समितीकडे कसं जाऊ? असाच पाठवते.

---

पाटीपेन्सिल | बारा दिवसांनी, शुक्रवार, संध्याकाळी ६:४०

मंडळी, फाउंडेशनकडून उत्तर आलं. पहिल्या छाननीतून पुढं गेलोय. दोन गोष्टी विचारल्यात. जागेच्या संमतीपत्रावर किमान तीन वर्षांची मुदत हवी, आणि मे महिन्याच्या पानासोबत जानेवारीचंही पान पाठवता येईल का. चेंज रिपोर्टबद्दल काहीच विचारलेलं नाही, चांगलं की वाईट ते ठाऊक नाही.

जानेवारीचं पान आज झाकून स्कॅन केलं. विहार समितीची बैठक परवा आहे. त्यांच्यातले दोघे तीन वर्षांना तयार आहेत, एक काका म्हणतात अकरा महिन्यांच्या वर लिहून देणार नाही. मोरपीसताई, फाउंडेशनला आत्ताच "पत्र येतंय" असं कळवू, की पत्र हातात आल्यावरच?

---

मोरपीस | शुक्रवार, संध्याकाळी ७:०५

आजच कळवा. जानेवारीचं पान पाठवा, आणि लिहा की संमतीपत्राची बैठक परवा आहे, सोमवारी दुपारपर्यंत पत्र पाठवतो. त्याच ईमेलला उत्तर म्हणून पाठवा, नवा ईमेल उघडू नका. आणि परवा त्या काकांना हजेरीवहीचं मे महिन्याचं पान दाखवा.